काउंटरचा आवाज

दुकानाच्या नव्या शाखेचा विषय अप्पांनी गोडाच्या वाट्या टेबलावर येईपर्यंत दाबून ठेवला होता. तोंड भरलेलं असताना माणूस पटकन नाही म्हणत नाही, हे त्यांनी लग्न झाल्यापासून ध्यानात ठेवलेलं होतं. वाटीवर चमचा वाजवून ते म्हणाले, “तर मंडळी, दुसऱ्या शहरातलं दुकान थोरला बघणार. निदान दोन वर्षं. आमचं दोघांचं महिन्यापूर्वीच ठरलंय. आज संध्याकाळी मशीनवाले येतायत. त्यांच्याशी हात मिळवला की झालं.”

थोरल्या सुनेचा चमचा वाटीतच राहिला. महिन्यापूर्वी! तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा स्वतःच्या वाटीत इतक्या बारकाईने बघत होता, की आत काहीतरी पोहत असावं असं कुणालाही वाटलं असतं.

“अरे वा,” छोटू म्हणाला. छोटू म्हणजे धाकटा दीर. डोक्यावरचे केस गेले, चष्मा आला, पण नाव छोटूच राहिलं. “दादा साहेब होणार म्हणजे.”

“आणि ही?” आईंनी हनुवटीने सुनेकडे खूण केली.

“तिची हॉस्पिटलची नोकरी आहे ना इथे,” अप्पा म्हणाले. “ती इथेच. शनिवार-रविवार तो येत जाईल. जमेल तसा.”

सगळं ठरलेलं होतं. ‘जमेल तसा’सुद्धा ठरलेलं होतं.

या घराण्याचा धंदा ड्रायक्लीनिंगचा, आणि या धंद्यात माणूस सगळ्यात आधी शिकतो ते डाग काढणं नव्हे. तो शिकतो डाग आधीचाच होता हे सिद्ध करणं. गिऱ्हाइकाने कपडा काउंटरवर ठेवला, की अप्पांच्या वडिलांच्या काळापासून तो दिव्याखाली पसरतात आणि त्याचे दोष खणखणीत आवाजात वाचून दाखवतात. कॉलर विरलेली. खिशाला शाई. अस्तर उसवलेलं. गिऱ्हाईक मान खाली घालून ऐकतं आणि सही करतं. तीन पिढ्या हे काम केल्यावर ते दुकानापुरतं राहणं शक्यच नव्हतं. दूध उतू गेलं तर गॅस आधी कुणी मोठा केला होता, एखादं पोर नापास झालं तर त्याच्या आजोळी गणित कुणाला येत होतं, असे खटले या टेबलावर रोज चालत. न्यायाधीश अप्पा. निकाल एकच, डाग आधीचा.

थोरली या घरात आली ती हॉस्पिटलातून. तिथे ती रिसेप्शनवरच्या लोकांना तक्रारी ऐकायला आणि अडचणीचं बोलायला शिकवते. समोरच्यावर आरोप न करता आपलं म्हणणं कसं मांडायचं, हा तिचा हातखंडा. गेल्या वर्षी अप्पांनी तिला दुकानात बोलावलं. “आमच्या लोकांनाही शिकव काहीतरी. हल्ली गिऱ्हाइकं फार चिडतात.” तिने मनापासून शिकवलं. आधी काय घडलं ते सांगा, कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच, त्यात ‘नेहमी’ नको, ‘कधीच’ नको, ‘मुद्दाम’ तर नकोच. मग त्याने स्वतःला काय वाटलं ते, शक्यतो एका शब्दात. मग ते आपल्याला का लागलं. आणि शेवटी, समोरच्याकडून आपल्याला नक्की काय हवंय. ते त्याला नाकारता यायला हवं, नाहीतर ती विनंती नव्हे, हुकूम.

अप्पांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शेवटचे दोन भाग काढून टाकले. म्हणाले, रांगेला वेळ लागतो.

उरलं ते भलतंच गुणकारी निघालं. एका बाईंचा लोकरी कोट प्रेसखाली जळला, तेव्हा छोटूने आवाज मऊ करून सांगितलं, “बाई, हा कोट असा बघून मला फार वाईट वाटतंय.” बाईच बिचाऱ्या त्याची समजूत काढून गेल्या. तेव्हापासून दुकानात त्या सुराला ‘काउंटरचा आवाज’ म्हणतात. काहीतरी जळलेलं असल्याशिवाय तो आवाज कुणी काढत नाही.

हे सगळं थोरलीला ठाऊक होतं. तरीही जे रोज शिकवतो तेच तोंडात येतं. तिने चमचा खाली ठेवला, श्वास घेतला, आणि नवऱ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, “शाखेचं मी आत्ता ऐकलं, तेव्हा मला डावलल्यासारखं वाटलं.”

छोटूने चमचा चाटून बाजूला ठेवला.

“वहिनी,” छोटूने हळूच विचारलं, “कुणाचा कोट जळला?”

आत्या हसल्या. अप्पांची धाकटी बहीण, शिलाई-रफूचा विभाग त्यांच्याकडे, जिभेलाही सुई लावलेली. मग अप्पा हसले. आईंनी पदराआड हसू दाबलं, आणि थोरलीने पाहिलं, नवऱ्याच्या ओठाचा कोपराही हलला. तो हसला नाही. पण हलला.

“मी गंमत नाही करत,” ती म्हणाली.

“आम्हीही नाही,” आत्या म्हणाल्या. “मला असं वाटतं, की चांगल्या दिवशी मुद्दाम भांडण उकरायची काही लोकांना हौस असते. बघ हं, मी स्वतःला काय वाटतं तेच बोलले. तूच शिकवलंयस.”

“मला असं वाटतं,” आई लगेच म्हणाल्या, “की वन्सं, काही लोकांनी दुसऱ्याच्या संसारात सुई घालू नये.”

“मला वाईट वाटतंय,” छोटू छातीवर हात ठेवून म्हणाला, “की मला दुसरी वाटी कुणी विचारत नाहीये.”

“आणि मला असं वाटतं,” अप्पा म्हणाले, “की हा विषय संपला.”

थोरलीला स्वतःच्या वर्गात बसल्यासारखं झालं होतं, आणि वर्गाने धडा पाठ केला होता. पहिल्या दिवशी ती हेच सांगते. ‘मला असं वाटतं’च्या मागे शिवी लावली की शिवी भावना होत नाही, नुसती इस्त्री केलेली शिवी होते. पण तिला जास्त टोचलं ते स्वतःचंच वाक्य. डावलल्यासारखं. डावलायला कुणीतरी डावलणारा लागतो. आरोप तिनेही केलाच होता, फक्त आरोपीचं नाव पुसून. आत्यांपेक्षा इस्त्री चांगली, एवढाच फरक.

आईंनी वाट्या गोळा करताना हळूच विचारलं, “मी काय म्हणते, छोटूलाच पाठवलं तर तिकडे?” त्या सुनेच्या बाजूने होत्याच, शिवाय धाकटा घराबाहेर गेला तर त्याचं लग्न जमेल, ही आशा त्यांना अधूनमधून होत असे. छोटू एकदम दादाच्या बाजूने झाला. “छे छे, दादाच योग्य. वहिनींनाही हळूहळू पटेल.” आत्यांना थोरला गेल्यावर रफूच्या गाठोड्यांसाठी जिने कोण चढणार हा प्रश्न पडला, म्हणून त्या सुनेच्या बाजूला सरकल्या. “बायकोला सांगायला हवं होतं रे थोरल्या. काही झालं तरी बायको आहे.” वाट्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तट दोनदा बदलले. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो मधल्या वेळात उठून खाली दुकानात गेला होता.

रविवारी दुकान बंद असतं. तरी प्रेसच्या खोलीतून वाफेचा फुसकारा ऐकू येत होता. नवऱ्याला घरातून निघून जायचं असलं की तो खाली जाऊन ज्यांना इस्त्रीची गरज नाही असे शर्ट इस्त्री करतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने हे शोधून काढलं होतं. तेव्हा तिला ते गोड वाटलं होतं.

ती जिना उतरली. खोलीत दमट ऊब होती, रांगेत प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले कोट लटकत होते, बिनडोक्याच्या पाहुण्यांसारखे. तो पाठमोरा होता.

“तू मला कधीच काही सांगत नाहीस,” ती म्हणाली.

चुकलंच. ठरवून आली होती एक, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तोंडातून निघालं हे. त्यात ‘तू’ होतं, ‘कधीच’ होतं, कमी होतं ते फक्त बोट रोखणं.

“आणि तू?” तो न वळता म्हणाला. बचाव तयारच होता, तीन पिढ्यांचा. “तुझी संध्याकाळची ड्यूटी लागली होती ते मला कुणी सांगितलं? तुझ्या मैत्रिणीने. बाजारात. भाजी घेताना.”

“ते वेगळं होतं.”

“ते आधीचं होतं.”

आता पुढचं सगळं तिला दिसत होतं. ती त्याच्या आधीचं काहीतरी काढणार, तो त्याच्याही आधीचं. अशाने ते दोघं लग्नाच्या मांडवापर्यंत मागे जाणार, मशीनवाले येणार, तो वर जाऊन हात मिळवणार. आणि मग दोन वर्षं, जमेल तसा.

“थांब,” ती म्हणाली. “मी चुकीची सुरुवात केली. पुन्हा करू दे. आत्ता बोललं तर चालेल? की शर्ट झाल्यावर?”

“तू मला विचारतेयस?”

“हो. तुला ऐकायचं नसताना बोलले तर ते फुकट जाईल.”

त्याने प्रेसचं वरचं झाकण उचललं. वाफ मोकळी झाली. तो वळला, पण हात बांधून. “बोल. पण तो आवाज नको.”

“कुठला?”

“तोच. काउंटरचा. तू तसं बोलायला लागलीस ना, की मी माझ्याच घरात तक्रारीच्या खिडकीपुढे उभा असल्यासारखं वाटतं. समोर फार शिकलेली बाई आहे, हसतेय, आणि आपलं काम होणार नाही हे दोघांनाही माहितीये.”

तिच्या तोंडात उत्तर तयार होतं. ‘खिडकीपुढे उभं असल्यासारखं’ ही भावना नाही, भावना म्हणजे लाज, राग, एकटेपणा, त्यातलं काय? वर्गात हे सुधारायला तिला एक क्षण लागला नसता. इथे तिला ते गिळायला बराच जोर लावावा लागला, आणि गिळताना कळलं की तो म्हणतो ती खिडकी नेमकी हीच.

“बरं,” ती म्हणाली. “त्या आवाजाने तुला खिडकीबाहेर उभं केलंय. ऐकलं मी.”

त्याचे बांधलेले हात जरा सैलावले.

आता काय? तिने रोज सांगितलेलं एकेक आठवून पाहिलं. कॅमेऱ्याला काय दिसलं असतं? अप्पांनी वाटी वाजवली, ते बोलले, तिने ऐकलं. एवढंच. तो लबाड आहे, हे कॅमेऱ्याला दिसलं नसतं. तो मुद्दाम लपवत होता, हेही नाही. मग वाटलं काय? राग. राग होताच, ढीगभर. पण राग दारात उभा राहतो आणि आतल्या माणसाला बाहेर येऊ देत नाही, हेही तीच सांगत असे. आत कोण होतं ते बघायला तिला थोडा वेळ लागला. तिला ते मुळीच आवडलं नाही. काउंटरवर बोलायला ते सोपं होतं, कारण तिथे त्या वाक्यातून काही हरवायचं नसतं. इथे ते वाक्य त्याच्या हातात द्यायचं होतं, आणि त्याचं तो काय करील याची खात्री नव्हती.

“अप्पा टेबलावर बोलले तेव्हा मी शाखेचं पहिल्यांदा ऐकलं,” ती म्हणाली. आवाज जरा खरखरीत झाला होता, आणि तो सावरायचा तिने प्रयत्न केला नाही. “मला भीती वाटली.”

“भीती? कसली?”

“मला वाटलं...” ती थांबली. पुढे ‘की तू’ येत होतं. तिने ते परत पाठवलं. “हे बघ, दिवसभरात काय झालं ते तू पहिल्यांदा मला सांगतोस, यावर मी टेकून असते. आईंशी भांडण झालं, मशीन बिघडलं, कुणी काय म्हणालं, काहीही. मी अर्धं ऐकतही नाही बहुतेक. पण ते माझ्याकडे येतं, यावर टेकलेली असते. आज टेकायला गेले आणि मागे काही नव्हतं. घाबरले मी. आणि लाजसुद्धा वाटली. सगळ्यांना माहीत होतं असं नाही, पण सगळ्यांसमोर मला माहीत नव्हतं.”

तो तोंड उघडणार होता. ‘आधीचं’ त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं, खात्रीने दिसलं. ती आडवी आली नाही. एकदा बोलून झालं की गप्प राहायचं, आपलंच वाक्य पुन्हा धुवायला काढायचं नाही, हेही शिकवण्यातलंच होतं, आणि सगळ्यांत कठीण तेच. मागे नळाचं पाणी टपटपत होतं.

“मग मी काय करू?” तो शेवटी म्हणाला. “नाही सांगू अप्पांना?”

“नाही. तू जा किंवा नको जाऊ, ते मी आत्ता मागत नाहीये. मला हवंय एवढंच, की मशीनवाल्यांना आज हो म्हणायचं नाही. आधी आपण दोघं बसून बोलू. तुला ते जमणार नसेल तर तसं सांग.”

“जमणार नसेल तर काय करशील?”

“मला वाईट वाटेल,” ती म्हणाली. “खरं वाईट. कोटवालं नाही.”

या वेळी तो हसला. थोडंच, आणि हसताना नाक ओढलं, जे वाफेमुळे झालं असेल असं दोघांनीही मानलं.

तेवढ्यात वरची घंटा वाजली. पावलं, खुर्च्या सरकल्याचा आवाज, अप्पांचं ‘या या या’, आणि मग जिन्यावरून हाक, “थोरल्याऽ! माणसं आलीत! ये लवकर, हात मिळवून टाकू.”

नवरा जिन्याकडे गेला. थोरलीचा हात आपसूक एका कोटाच्या बाहीला धरून राहिला. आता तो वर जाईल. तो अप्पांना कधी नाही म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. अप्पांनाही आठवलं नसतं.

तो वर गेला नाही. पहिल्या पायरीवर उभा राहून त्याने मान वर केली.

“अप्पा, त्यांना चहा द्या. मी आज हो म्हणणार नाही.”

वर एक खुर्ची करकरली. मग अप्पांचा आवाज, खालच्या पट्टीत, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा समजुतीने सगळ्यांना ऐकू जाईल असा. “काय बोलतोयस? कुणी शिकवलं हे?”

“कुणी नाही. मी घरात विचारलं नव्हतं. विचारून सांगतो.”

“महिन्यापूर्वी ठरलं होतं!”

“हो,” तो म्हणाला. “ठरवताना मी घाईत होतो.”

अप्पा काहीतरी पुटपुटले, आत्यांनी पाहुण्यांना “बसा, आमच्यात असं चालतं” म्हणून सांगितलं, आणि छोटू एकदम फार मोठ्याने मशीनच्या ड्रमबद्दल विचारू लागला, कारण आई त्याच्याकडे आशेने बघत असणार. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

नवरा खोलीत परतला. स्टुलावर बसला, उठला, प्रेस बंद केली, पुन्हा बसला. थोरलीला वाटलं, जिंकले. लगेच तिने स्वतःला दटावलं, कारण जिंकायचं असतं तर त्याला नाही म्हणायची मोकळीक कशाला दिली? पण वाटलं खरं. छान ऊबदार वाटलं.

“बोलू या म्हणालीस ना,” तो म्हणाला. “मग बोलतो. तुझ्यासारखं येणार नाही मला.”

“येईल तसं.”

त्याने तळवे मांडीवर उघडे धरले. वाफेने कायमचे गुलाबी झालेले तळवे.

“मला जायचंय,” तो म्हणाला.

ऊब गेली.

“अप्पांनी मला पाठवलं नाही. मीच मागितलं. त्यांना वाटतं त्यांना सुचलं, तसं वाटू दिलं मी. मला... पन्नाशीला आलोय, आणि अजून कपडा दिव्याखाली पसरला की मागून त्यांचा आवाज येतो, कॉलर बघ, कॉलर. मला गुदमरतं इथे. तुझ्यापासून नाही जायचंय. पण तुला सांगायला आलो, की तोंडच उघडेना. म्हटलं, तू समजून घेशील, छान बोलशील, आणि मी राहीन. म्हणून नाही सांगितलं.”

एका दमात इतकं तो गेल्या कित्येक वर्षांत बोलला नव्हता. आणि त्यात कुठेही तिच्यावर आरोप नव्हता. शोधायला तिने शोधला. घडलं काय ते होतं, वाटलं काय ते होतं, का ते होतं. वर्गातल्या कुणाचं झालं असतं तर तिने फळ्यावर लिहून ठेवलं असतं. शिकवताना ती एक गोष्ट कधी सांगत नसे, बहुधा तिलाच ठाऊक नव्हती म्हणून. माणूस आरोप करतो तेव्हा निदान भांडता येतं. तो नुसतं स्वतःचं सांगतो, तेव्हा ते ऐकण्यावाचून काही करता येत नाही.

तिला पहिलं वाक्य सुचलं ते ‘म्हणजे तू मला’ असं सुरू होत होतं. दुसरं, ‘मग माझ्या नोकरीचं काय’, हे योग्यच होतं, पण त्याची वेळ यायची होती.

तिने कोटाची बाही सोडली. दुसरं स्टूल पायाने ओढून घेतलं आणि त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. भीती अजून तीच होती, थोडीही कमी झाली नव्हती.

“गुदमरतं म्हणजे कसं?” तिने विचारलं. “सुरुवातीपासून सांग.”